राणी साडीच्या मागे कोणता रंग?

समजा, सांगलीत हळद विकणारी एक छोटी कंपनी आहे. तिच्या पाकिटांवर दोन रंग ठरलेले आहेत: तापलेला हळदी पिवळा आणि बॉटल ग्रीन म्हणतात तसा गडद हिरवा. कंपनी चालवणाऱ्या ताईंचं कमरेपासून वरचं एक छायाचित्र काढायचं आहे. ते पाकिटाच्या मागच्या बाजूला, वेबसाइटवर आणि प्रदर्शनातल्या फलकावर वापरलं जाईल. ताई राणी रंगाची सुती साडी नेसणार आहेत. साडी ठरलेली आहे, पाकिटाचे रंग ठरलेले आहेत आणि ताईंच्या त्वचेचा रंग तर कुणी ठरवायचा प्रश्नच नाही. चौकटीत मोकळा उरतो तो फक्त मागच्या पडद्याचा रंग. या एका मोकळ्या रंगाने उरलेल्या तिघांना एकत्र नांदवायचं असतं. तो कसा निवडायचा, हे या प्रकरणात एकाच उदाहरणातून शेवटपर्यंत पाहू.

रंग नुसता नजरेने लक्षात ठेवता येत नाही, म्हणून आधी तो मोजावा. ताईंनी साडीचा पदर खिडकीजवळ, उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात पसरावा, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवावा. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो दुरुस्त करायचा आणि मग कुठल्याही चित्रसंपादनाच्या ॲपमधल्या ड्रॉपरने साडीचा रंग उचलायचा. आपल्या उदाहरणात तो `#A3195B` आला असं धरू. पाकिटावरचा हिरवा `#0F5132` आहे आणि पिवळा `#F2A900`.

हे आकडे रंगचक्रावर नेले की प्रत्येक रंगाला एक कोन मिळतो. संगणकावरच्या चक्रात लाल ० अंशांवर असतो, पिवळा ६० वर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. आपली राणी साडी ३३१ अंशांवर येते, पाकिटाचा हिरवा १५२ वर आणि हळदी पिवळा ४२ वर. त्वचेचा कोन बहुतेकांना चकित करतो. गोरी असो, गव्हाळ असो वा काळीसावळी, माणसाची त्वचा चक्रावर नारिंगीच्या एका अरुंद पट्ट्यातच पडते, साधारण १५ ते ३० अंशांच्या दरम्यान. माणसामाणसांत फरक पडतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंग किती भरलेला आहे याचा. कोनाचा फारच थोडा. ताईंची गव्हाळ त्वचा २४ अंशांवर धरू.

आता ३३१ च्या बरोबर समोर काय आहे ते पाहा. ३३१ मधून १८० वजा केले की १५१. पाकिटाचा हिरवा १५२ वर आहे. म्हणजे साडीचा समोरचा रंग कंपनीच्या घरातच आहे. इतकी सोपी जुळणी नेहमी मिळत नाही आणि म्हणूनच इथे घाई होते. पाकिटाचा हिरवा जसाच्या तसा भिंतीला लावून मोकळं व्हावंसं वाटतं. ते का करू नये, हे समजलं की चक्राचा अर्धा उपयोग कळला.

त्याआधी एक शंका मिटवू, कारण चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांच्या मनात ती आलीच असेल. त्या परीक्षेसाठी आपण जे रंगचक्र रंगवलं, त्यात मूळ रंग तांबडा, पिवळा आणि निळा होते. तिथे राणी रंग तांबडा आणि जांभळा यांच्या मध्ये बसतो आणि त्याच्या समोर येतो पिवळट हिरवा, म्हणजे पोपटीच्या जवळचा. संगणकाचं चक्र मात्र निळसर हिरवा सांगतं. दोन्ही चक्रं आपापल्या कामासाठी बनली आहेत. एक रंगपेटीतले रंग कालवण्यासाठी, दुसरं प्रकाशातले रंग मिसळण्यासाठी. स्क्रीनवर पाहायच्या छायाचित्रासाठी कोणतं धरावं, याचा निर्णय आपल्या डोळ्यावर सोपवता येतो. राणी पदर भर उजेडात ठेवा, त्यावरच्या एका ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि लगेच पांढऱ्या कागदाकडे नजर वळवा. कागदावर निळसर हिरवी सावली तरंगते. राणी रंग पाहून डोळ्यातल्या ज्या पेशी थकल्या त्यांचा हिस्सा वजा झाल्यावर उरतो तो हा रंग. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने १९१४ मध्ये शस्त्रक्रियेची खोली पांढऱ्याऐवजी पालकासारख्या हिरव्या रंगाची केली, तेव्हा त्याच्यापुढे हाच विचार होता: लाल रक्ताकडे सतत पाहणाऱ्या डोळ्याला समोरच्या बाजूचा रंग विसावा देतो. आपल्या कामासाठी संगणकाचं चक्र या सावलीच्या अधिक जवळ जातं, म्हणून तेच धरू.

आता तो बॉटल ग्रीन. राणी साडीमागे तो जसाच्या तसा लावला, तर कागदावर हिशेब अचूक आणि चित्र मात्र त्रासदायक निघतं. कारण चक्राचा कोन रंगाची फक्त जात सांगतो. रंगाला आणखी दोन अंगं असतात: तो किती उजळ आहे आणि किती भरलेला आहे. कपड्याची कड मागच्या पडद्यापासून सुटून दिसते ती मुख्यतः उजळपणातल्या फरकामुळे. वेबसाइटवरची अक्षरं वाचता येतील का, हे तपासायला उजळपणाचं एक गुणोत्तर वापरतात. दोन रंग सारखे उजळ असले तर ते १ येतं आणि काळ्या-पांढऱ्यात २१. तेच माप इथे लावलं तर राणी साडी आणि बॉटल ग्रीन यांच्यातलं गुणोत्तर जेमतेम १.३ भरतं. म्हणजे चक्रावर दोघं समोरासमोर उभे, पण उजळपणात जवळजवळ एकाच पायरीवर. फोटो कृष्णधवल करून पाहा. खांद्याची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळणार नाही. रंगीत फोटोत ती कड दिसते, पण थरथरते, कारण दोन भरलेले विरोधी रंग एकमेकांना चिकटून उभे आहेत आणि नजरेला आधार द्यायला उजळपणाचा फरक नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट जाणवत नाही अशा वाचकांना तर ती कड आणखी पुसट दिसेल. शिवाय ताईंचे केस काळे आहेत आणि गडद पडद्यात काळे केस बुडतात. मागून केसांवर वेगळा दिवा टाकला नाही, तर चेहरा मुखवट्यासारखा तरंगतो.

मग पिवळा? कंपनी हळदीची, रंग हळदीचा, म्हणजे तोच आधी सुचतो. पण हळदी पिवळा ४२ वर आणि त्वचा २४ वर. दोघांत अठराच अंशांचं अंतर आहे. चेहरा पडद्यापासून वेगळा उठत नाही, उलट पडद्याचा पिवळा इतका भरलेला असतो की शेजारची त्वचा फिकी, मळकी वाटायला लागते. हळदीच्या समारंभाच्या फोटोंत असा पिवळ्यावर पिवळा शोभतो, कारण तिथे पिवळाच विषय असतो. इथे विषय ताई आहेत. माझं मत स्पष्ट आहे: माणसाच्या छायाचित्रात पाकीट आणि चेहरा यांपैकी एकाला झुकतं माप द्यायची वेळ आली, तर ते चेहऱ्याला द्यावं. पिवळ्याला चौकटीत दुसरी, छोटी पण ठळक जागा देता येते. ती पुढे येईलच.

राहतो तो हिरवा, पण बदललेला. कोन १५२ च ठेवायचा म्हणजे साडीशी आणि पाकिटाशी नातं तुटत नाही. भरलेपणा ८१ टक्क्यांवरून १२ वर आणायचा आणि उजळपणा ३२ वरून ८० वर न्यायचा. हाती येतो `#B4CCC1`, किंचित निळी झाक असलेला फिकट शेवाळी. साडीशी त्याचं उजळपणाचं गुणोत्तर ४.३ होतं, म्हणजे खांद्याची रेघ स्वच्छ सुटते. काळे केस ठसठशीत दिसतात. पडदा मवाळ झाल्यामुळे चौकटीत भरलेला रंग एकच उरतो, साडीचा, आणि ती साडी चेहऱ्याला लागूनच आहे. नजर आपोआप तिथे जाते.

याच टप्प्यावर एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. पॅरिसच्या गोब्लॅं या राजेशाही विणकामशाळेत मिशेल यूजेन शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथला काळा धागा चित्रात विणल्यावर नीट काळा दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्यापुढे आली. त्यांनी धागा तपासला. त्यात खोट नव्हती. काळा निस्तेज दिसत होता तो शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला. त्याचं सार असं की प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो. हिरवा पडदा असेल तर त्यापुढची त्वचा डोळ्याला थोडी जास्त तांबूस वाटते. लाल पडदा असेल तर हिरवट. फिकट शेवाळी आपल्या बाजूने काम करतो तो असा. ताईंच्या गालावर काहीही न करता तजेला येतो.

पण स्टुडिओत याच्या नेमकं उलटं काहीतरी घडत असतं. हिरव्या कागदावर पडलेला प्रकाश हिरवा होऊन परत फिरतो आणि माणूस पडद्याला चिकटून बसला असेल तर तो जबड्याच्या कडेवर, कानामागे आणि मानेच्या सावलीत खरोखर उतरतो. ही डोळ्याची समजूत नसते, तो प्रत्यक्ष हिरवा प्रकाश असतो आणि त्यात त्वचा आजारी दिसते. म्हणजे एकच पडदा दुरून चेहरा खुलवतो आणि जवळून बिघडवतो. यावर उपाय अंतर हाच आहे. ताईंची खुर्ची पडद्यापासून निदान ६ फूट पुढे हवी. छोट्या खोलीत तेवढी जागा नसेल तर पडद्याचा भरलेपणा आणखी उतरवावा, पण माणूस भिंतीला टेकवू नये. झाक पडली आहे की नाही हे ओळखायला पांढऱ्या वस्तू पाहाव्यात: नथीतले मोती, पांढऱ्या ब्लाउजची बाही, कानशिलावरचा पिकलेला केस. ड्रॉपरने त्यांचा रंग उचलला आणि तीन आकड्यांपैकी मधला, म्हणजे हिरव्याचा, बाकी दोघांच्या बराच वर दिसला, तर खुर्ची पुढे ओढायची.

हेच अंतर दुसऱ्याही एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. दिवा ताईंपासून ६ फुटांवर आणि पडदा ताईंच्या मागे ६ फुटांवर असेल, तर पडदा दिव्यापासून १२ फूट दूर पडतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपटीने कमी होतो, त्यामुळे रंगवताना नेमका `#B4CCC1` जुळवलेला पडदा फोटोत त्याहून बराच गडद येतो. अनेक जण इथे दुकानदाराला किंवा रंगाऱ्याला दोष देतात. खरं तर रंगाच्या डब्यावरचा आकडा फोटोत कधीच जसाच्या तसा येत नाही. तो दिव्याने आणावा लागतो. पडद्याला स्वतःचा एक दिवा द्या आणि तो कमी-जास्त करत उजळपणा हव्या त्या जागी आणा. पडदा म्हणून २.७२ मीटर रुंदीचा सीमलेस कागदाचा गुंडाळा मिळतो. छोट्या कंपनीला ८ बाय ४ फुटांच्या प्लायवुडवर मॅट डिस्टेंपर मारूनही काम भागवता येतं. ऑइलपेंट नको, कारण त्याची चकाकी मध्यभागी पांढरा डाग पाडते.

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र बंद करावा. चौकटीचा बराच भाग हिरवट दिसला की कॅमेरा त्याला उजेडाचा दोष समजतो आणि सगळ्या चित्रात गुलाबी भर घालतो. साडी वाजवीपेक्षा भडक होते, गाल लाल होतात आणि मेहनतीने जुळवलेला शेवाळी राखाडी होऊन बसतो. ताईंच्या चेहऱ्याजवळ राखाडी कार्ड धरून एकदा व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि मग त्याला हात लावू नये.

उजळपणा ८० वर ठेवला, ९५ वर का नाही, असा प्रश्न उरतो. शेव्ह्रल यांचं म्हणणं उजळपणालाही लागू पडतं. पडदा जितका पांढराशुभ्र, तितका त्याच्यापुढचा चेहरा काळवंडलेला वाटतो. ताईंच्या जागी गडद सावळी व्यक्ती असती तर मी पडदा ६० पर्यंत खाली आणला असता आणि भरलेपणा २० च्या आसपास ठेवला असता. त्वचा उजळवून पडद्याला जुळवणं हा उलटा उद्योग आहे आणि तो आपल्याकडे फार चालतो. फोटोतला उजेड चेहऱ्यावरून मोजावा, चेहरा जसा आहे तसा नीट दिसू द्यावा आणि बदलायचं ते मागच्या भिंतीत बदलावं. तिला काही वाटत नाही.

आता पिवळ्याची जागा. फलकावर कंपनीचं नाव लिहायचं आहे. पिवळी अक्षरं थेट फिकट शेवाळीवर टाकली, तर उजळपणाचं गुणोत्तर १.२ येतं, म्हणजे ती चार फुटांवरूनही वाचता येणार नाहीत. वेबसाइटसाठी साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५ चं गुणोत्तर किमान मानतात. बॉटल ग्रीन अक्षरं शेवाळीवर ५.५ देतात, ती चालतील. पण त्याहून छान मांडणी अशी: फोटोच्या तळाशी पाकिटाच्याच गडद हिरव्याचा एक पट्टा घ्यायचा आणि त्यावर नाव हळदी पिवळ्यात लिहायचं. हे गुणोत्तर ४.७ येतं. गडद पट्टा आणि फिकट पडदा चक्रावर एकाच कोनावर असल्यामुळे ती एकाच रंगाची दोन वजनं वाटतात. पिवळा अगदी थोडा आहे, पण चौकटीत त्या जातीचा दुसरा भरलेला रंग नसल्यामुळे तो लगेच नजर पकडतो. पाकिटाजवळ फोटो ठेवला की दोन्ही एकाच घरातले दिसतात.

कपडे आणि पाकीट यांची प्रत्येक जोडी इतकी सरळ नसते. समजा ताईंनी राणीऐवजी चिंतामणी किंवा मोरपंखी साडी निवडली, साधारण १९० अंशांवरची. तिच्या समोर १० अंशांवर विटकरी तांबडा येतो आणि तो त्वचेला फारच जवळ आहे. अशा वेळी समोरच्या रंगाचा नाद सोडून शेजारी वळावं. पाकिटाचा १५२ चा हिरवा मोरपंखीपासून ३८ अंशांवर आहे, म्हणजे निकटचा. तोच फिकट शेवाळी इथेही चालतो, फक्त आता विरोध साडी आणि पडदा यांच्यात न राहता त्वचा आणि बाकी सगळं यांच्यात तयार होतो. चित्र शांत होतं. कित्येकांना तेच जास्त आवडेल.

धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. तिथे ड्रॉपर प्रत्येक चुणीवर वेगळा आकडा देतो. साडीचा फोटो इतका लहान करावा की ती काही मोजक्या चौकोनांची दिसेल, आणि खांद्याच्या जागी जो रंग उरेल तो धरावा. काठ रुंद आणि जरीचा असेल तर तो वेगळा मोजायची गरज नाही. जरीची तार बहुधा पिवळट सोनेरी असते आणि आपल्या उदाहरणात ती हळदी पिवळ्याला घरबसल्या दुजोरा देते.

आणि कर्मचाऱ्यांनी कंपनीचेच बॉटल ग्रीन टी-शर्ट घातले असतील, तर चक्र बाजूला ठेवावं. कोन तोच, १५२. फक्त उजळपणा ७० च्या वर आणि भरलेपणा १० च्या खाली. दहा-बारा जण वेगवेगळ्या कपड्यांत रांगेत उभे असतील तरीही हाच पडदा लावावा, कारण सगळ्यांच्या कपड्यांना एकदम पुरा पडेल असा कोन चक्रावर नाही. सगळ्यांच्या त्वचेला पुरा पडेल असा मात्र आहे.

छपाईला देण्याआधी एक प्रूफ काढून घ्यावं. स्क्रीनवर झगमगणारा राणी चार शाईंच्या छपाईत थोडा मंदावतो, आणि फिकट शेवाळीत पिवळी शाई जराशी जास्त पडली की तो पिस्त्याकडे झुकतो. प्रूफ ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावं, आणि पाहताना शेजारी साडीचं कापड व हळदीचं पाकीट दोन्ही ठेवावीत.